आपलं काम दुसऱ्याने स्वतःचं म्हणून दाखवलं, तर मेल टाकायच्या आधी

पहिलं काम, रेकॉर्डिंग बघा. मीटिंगला तुम्ही नव्हतात आणि कुणीतरी जिन्यात गाठून सांगितलं की "अगं, तुझी शीट त्याने स्वतःची म्हणून दाखवली", तर आधी रेकॉर्डिंग, मग राग, मग मेल. मी हे उलटं केलं होतं. आधी राग, मग मेल, आणि रेकॉर्डिंग चार दिवसांनी, तेही मॅनेजरने "तू पाहिलंस का ते?" विचारल्यावर. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

झालं असं. मी प्लॅनिंगमध्ये आहे, पंपाचे स्पेअर्स. डेड स्टॉकची एक शीट केली होती, म्हणजे १८० दिवस हललेलं नाही असं स्टोअरमध्ये काय काय पडलंय. ऐकायला सोपं वाटतं, पण एकच बेअरिंग तीन वेगवेगळ्या कोडखाली बसलेलं असतं, एका कोडचं हलतं, दोन तशीच पडून, ते जुळवण्यात माझे तीन शनिवार गेले. मग मंथली रिव्ह्यूमध्ये माझ्या सहकाऱ्याने ती दाखवली. मी त्या दिवशी सुट्टीवर. स्टोअरमधल्या दादांनी मला सांगितलं आणि मी रात्री पावणेबाराला मेल टाकला, मॅनेजरला सीसीत ठेवून, "माझं काम स्वतःच्या नावावर खपवलंस" अशा भाषेत.

रेकॉर्डिंगमध्ये ३४व्या मिनिटाला तो स्पष्ट म्हणतोय की शीट प्लॅनिंगमधून आलीय आणि माझं नाव घेतोय. स्टोअरचे दादा ४०व्या मिनिटाच्या आसपास जॉइन झाले होते. ते खोटं बोलले नव्हते, त्यांनी पाहिलं तेवढंच सांगितलं. पण मीटिंगनंतर जी पीपीटी सगळ्यांना गेली तिच्यात माझं नाव नव्हतं, आणि मिनिट्समध्ये 'तयार केले' यासमोर फक्त त्याचं. म्हणजे तक्रार खरीच होती! पण मी चुकीच्या गोष्टीची केली, मग बरोबर गोष्टीचं कुणी ऐकलं नाही, आणि वर मलाच सॉरी म्हणावं लागलं.

म्हणून रेकॉर्डिंग. पूर्ण बघा, १.५च्या स्पीडने बघा हवं तर, पण ट्रान्सक्रिप्टमध्ये आपलं नाव सर्च करून "नाहीये, बघा" म्हणू नका. मी नंतर करून पाहिलं. माझ्या आडनावाचं टीम्सने कसलातरी इंग्रजी शब्द करून ठेवला होता, सर्चमध्ये शून्य. कानाने ऐकल्यावरच कळतं. आणि लवकर बघा, टीम्सचं रेकॉर्डिंग डिफॉल्ट सेटिंगवर १२० दिवसांनी उडतं, कंपनीने ते कमीही केलेलं असू शकतं. रेकॉर्डिंगच नसेल तर मीटिंगला सुरुवातीपासून बसलेल्या दोघांना वेगवेगळं विचारा, "शीटबद्दल काय बोलणं झालं?" एवढंच. "त्याने माझं नाव घेतलं का?" असं विचारलं की समोरच्याला कळतं कुठलं उत्तर हवंय, आणि तो तेच देतो.

मग एक कागद घ्या, हो, कागदच, मेलमध्ये लिहायला बसलात तर बोट सेंडवर जातं. त्यावर तीन रकाने: मी स्वतः पाहिलं, मला कुणी सांगितलं, मला वाटतं. पीपीटीत नाव नाही हे पाहिलेलं. मीटिंगमध्ये नाव घेतलं नाही हे सांगितलेलं (आणि रेकॉर्डिंग पाहिलं असतं तर खोडलेलं). मुद्दाम केलं, अप्रेझल जवळ आलंय म्हणून केलं, हे वाटणं. मेलमध्ये फक्त पहिला रकाना जातो. दुसऱ्यातलं तपासून पहिल्यात आणता आलं तर आणा, नाही तर सोडा. तिसरा नवऱ्याला, बहिणीला, जो ऐकेल त्याला.

पुरावा. इथे लोक धडाधड स्क्रीनशॉट काढतात, त्यातला एक मोठा खड्डा सांगते. एक्सेलमध्ये File > Info मध्ये Author दिसतो ना, तो फाइल मुळात ज्याच्या अकाउंटवरून तयार झाली त्याचं नाव असतो. तुम्ही कुणाची जुनी फाइल उघडून Save As केलंत, आतलं सगळं पुसून स्वतःचं भरलंत, तरी Author तोच राहतो. माझ्या शीटचा Author कोण निघाला असेल? तोच! कारण मी त्याच्या जुन्या शीटच्या ढाच्यावर सुरू केलं होतं आणि विसरले होते. तो स्क्रीनशॉट मी रागात जोडला असता तर मीच आपटले असते. Last Modified By वरही जाऊ नका, फाइल उघडून एक सेल बदलून सेव्ह केलं की ते बदललं. फाइल शेअरपॉइंटवर असेल तर Version History बघा, तिथे तारीख, वेळ आणि नाव ओळीने दिसतं. गूगल शीट असेल तर मूळ फाइलमधली हिस्टरी बघा, Make a copy केलेल्या फाइलमध्ये जुनी हिस्टरी येत नाही, त्यामुळे समोरच्याच्या कॉपीत सगळं त्यानेच एका दिवसात केल्यासारखं दिसतं आणि त्याला स्वतःलाही तसं वाटायला लागतं. सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे तुम्ही त्याला शीट पाठवलीत तो जुना मेल. तो शोधा. बाकी काही नसलं तरी चालेल.

त्याचं काय होतं तेही लिहा. हे कुणालाच आवडत नाही, मलाही नाही. पण ढाचा त्याचा होता आणि SAP मधून MB52 चा स्टॉक आणि MB51 मधल्या हालचाली त्यानेच काढून दिल्या होत्या, मला तेव्हा MB51 चा अ‍ॅक्सेस नव्हता. कोड जुळवणं आणि १८० दिवसांची वर्गवारी माझी. हे एका ओळीत मेलमध्ये टाकलं की समोरच्याचं "अगं पण डेटा तर मी..." हे वाक्य तुम्हीच आधी बोलून टाकलेलं असतं.

आणि मालकीची भाषा नको. "माझी शीट", "माझी प्रॉपर्टी", कॉपीराइट वगैरे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ बघितलंत तर वेगळा करार नसेल तेव्हा नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं, म्हणजे कंपनीचं. भांडण कुणाची आहे यावर नाहीच, कुणी केली यावर आहे. "केलं" लिहा. 'चोरी', 'मुद्दाम', 'नेहमीच', 'सगळ्यांना माहितीये' हे चार शब्द ड्राफ्टमध्ये शोधा आणि उडवा. 'नेहमीच' तर हमखास, कारण त्यावर एक उलट उदाहरण पुरतं आणि ते त्याच्याकडे असतंच.

आता मेल. To रिकामं ठेवून लिहा. पहिल्या मेलला सीसी नाही, कुणालाच नाही. मॅनेजर सीसीत दिसला की समोरचा तुम्हाला उत्तर देत नाही, मॅनेजरला देतो. मी आज तोच मेल लिहिला असता तर असा (ऑफिसात इंग्रजीत जातो, इथे मराठीत):

"हाय, गुरुवारच्या रिव्ह्यूनंतर जी पीपीटी सगळ्यांना गेली त्यातल्या स्लाइड ६ ते ९ मी केलेल्या डेड स्टॉक शीटवरून आहेत, शीट तुला पाठवलेला मेल खाली जोडलाय. मीटिंगमध्ये तू माझं नाव घेतलंस ते रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं, थँक्स. पीपीटीत आणि मिनिट्समध्ये मात्र ते आलेलं नाही. ढाचा आणि SAP चा डेटा तुझा, कोड जुळवणं आणि वर्गवारी माझी. स्लाइड ६ वर दोघांची नावं टाकून पीपीटी परत पाठवशील का, आणि मिनिट्समध्ये तेवढा बदल करायला सांगशील का? शुक्रवार संध्याकाळपर्यंत झालं तर बरं, सोमवारी तीच पीपीटी प्लांट हेडकडे जातेय. माझं काही चुकत असेल तर फोन कर."

बस. यात "मला वाईट वाटलं" नाहीये, टाकायचं तर एक वाक्य टाका, माझी हरकत नाही, पण मागणीच्या नंतर. मागणी नसलेला मेल सगळ्यात वाईट, समोरचा वाचतो आणि त्याला कळतच नाही की आता करायचं काय, मग तो "सॉरी यार, तसं नव्हतं" म्हणतो आणि पीपीटी तशीच राहते. तारीख का, तर सोमवारमुळे. कारण नसलेली तारीख धमकीसारखी वाटते. आणि "थँक्स"वाली ओळ नीट बघा, ती फक्त रेकॉर्डिंग पाहिलेला माणूसच लिहू शकतो. नाव घेतलेलं नसेल तर तिथे "रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं, त्यात नाव आलेलं दिसलं नाही" असं येईल. दोन्हीपैकी काही लिहिता येत नसेल तर तुम्ही रेकॉर्डिंग पाहिलेलं नाही, परत जा.

समोरचा वयाने किंवा हुद्द्याने मोठा असेल तर अहो-जाहो, 'सर', आणि मागणी "करता येईल का" अशी, बाकी मजकूर तोच. सिनियर आहे म्हणून तपशील गाळू नका.

पाठवणं. रात्री नाही. सकाळी एकदा वाचा, मीटिंगला नसलेल्या माणसाला वाचायला द्या, त्याला कळलं तर पाठवा. जीमेलचं Undo Send जास्तीत जास्त ३० सेकंदांचं आहे, आणि आउटलुकचा रिकॉल चालेलच असं नाही, माझा चालला नव्हता, उलट त्याला 'रिकॉल करायचा प्रयत्न झाला' असा वेगळा मेल गेला. दुप्पट शोभा.

नंतरचं थोडक्यात. दुरुस्त केलं तर एका ओळीत थँक्स, विषय बंद, वर परत टोमणा नाही. फोन आला तर बोला आणि नंतर "आपलं असं ठरलं" म्हणून दोन ओळी मेलवर. दोन कामाचे दिवस काहीच नाही तर एक आठवण, त्याच मेलखाली. तरी नाही तर तोच मेल मॅनेजरला फॉरवर्ड, वर फक्त "मिनिट्समध्ये एवढी दुरुस्ती हवी होती". नवीन मेल लिहू नका, नव्यात राग शिरतो.

मावसबहिणीने काल तिचा ड्राफ्ट पाठवलाय, तिच्याकडे कुणीतरी तिचं ट्रेनिंग मॉड्यूल दाखवलंय म्हणे. छान लिहिलंय, चार शब्दांपैकी एकच होता. विचारलं, रेकॉर्डिंग? तर म्हणते, "अगं, पण मला तिघांनी सांगितलं." तिघंही एकाच टेबलावर जेवतात.