आउटपुट रेझिस्टन्सबद्दल सरांना मेल लिहिताय? आधी या चुका टाळा

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला ट्रान्झिस्टरचं प्रॅक्टिकल झालं, की त्याच आठवड्यात प्राध्यापकांच्या इनबॉक्समध्ये एक मेल हमखास येऊन पडतो. नाव आणि रोल नंबर बदलतो, मजकूर जवळपास हाच असतो:

"आदरणीय सर, BC547 चा आउटपुट रेझिस्टन्स काढताना गोंधळ होतोय. V_CE २ व्होल्ट असताना I_C १.०० मिलिअँप आला, १० व्होल्टला १.१० मिलिअँप. V_CE/I_C केलं तर एकदा २ किलोओहम येतो आणि एकदा ९. मित्राने उताराने काढला, त्याला ८० आला. बेस अरुंद झाला की करंट वाढतो, म्हणजे रेझिस्टन्स कमीच व्हायला हवा ना? शिवाय १० मिलिअँपला अर्ली व्होल्टेज निम्म्याहून कमी येतंय. ते तर स्थिर असतं. ट्रान्झिस्टर खराब आहे का?"

ट्रान्झिस्टर ठणठणीत आहे. रीडिंगही प्रामाणिक आहेत, आणि ती मेलमध्ये दिली हे या विद्यार्थ्याने उत्तमच केलं. पण या सहा-सात ओळींत दोन मोठ्या चुका आहेत आणि त्या दरवर्षी त्याच असतात.

पहिली मोठी चूक: व्होल्टेज भागिले करंट

ओहमचा नियम शाळेपासून हाडीमाशी इतका मुरलेला असतो, की रेझिस्टन्स म्हटलं की हात आपोआप भागाकाराकडे जातो. साध्या रेझिस्टरची रेषा शून्यातून जाते, म्हणून तिथे भागाकार आणि उतार एकच. ट्रान्झिस्टरची आउटपुट रेषा शून्यातून जात नाही. ती १ मिलिअँपच्या आसपास जवळजवळ आडवी पडलेली असते, किंचित वर चढत. V_CE/I_C फक्त त्या बिंदूची जागा सांगतो. आउटपुट रेझिस्टन्स म्हणजे त्या चढाचा उलटा:

```
r_o = ΔV_CE / ΔI_C = (10 - 2) / (1.10 mA - 1.00 mA) = 80 kΩ
```

मित्राचं उत्तर बरोबर आहे. आता हा चढ येतो कुठून ते नीट पाहा, कारण "रेझिस्टन्स कमी व्हायला हवा" या वाक्याची मुळं तिथेच आहेत. V_CE वाढवला की कलेक्टर-बेस जंक्शनवरचा उलटा दाब वाढतो आणि तिथला डिप्लीशन लेयर रुंदावतो. तो बराचसा कलेक्टरच्या बाजूला पसरतो, कारण कलेक्टरमध्ये डोपिंग कमी असतं. थोडासा मात्र बेसमध्ये शिरतो. बेस मुळातच इतका पातळ, की तेवढंही पुरतं. एमिटरकडून आलेल्या इलेक्ट्रॉनांना कमी अंतर कापायचं असतं, त्यांच्या संख्येचा उतार अधिक तीव्र होतो आणि V_BE तोच असूनही I_C वाढतो. बेल लॅब्जच्या जेम्स अर्ली यांनी १९५२ साली हे मांडलं, म्हणून आपण याला अर्ली इफेक्ट म्हणतो.

म्हणजे ज्याची लांबी-रुंदी बदलली आणि रेझिस्टन्स घटला असा कुठलाही रेझिस्टर इथे नाही. r_o ही करंट किती ढळतो याची मोजदाद आहे. कलेक्टर हा आदर्श करंट सोर्स असता तर रेषा अगदी आडवी असती आणि r_o अनंत असता. बेसची रुंदी हलते म्हणून तो अनंतावरून ८० किलोओहमवर उतरला. "कमी व्हायला हवा" ही समजूत तेवढ्यापुरती खरी आहे, फक्त तो २ किंवा ९ किलोओहमवर जात नाही.

याच रीडिंगमधून बेस किती अरुंद झाला हेही निघतं, आणि ते कोणीच काढत नाही. I_C बेसच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असतो. करंट १० टक्के वाढला म्हणजे बेसची परिणामी रुंदी साधारण ९ टक्के घटली. एवढा एक आकडा काढला, की हा परिणाम नजरेसमोर उभा राहतो.

अर्ली व्होल्टेज काढताना तीच रेषा मागे लांबवायची. २ व्होल्टच्या बिंदूपासून १ मिलिअँप खाली यायला ८० व्होल्ट मागे जावं लागतं, म्हणजे रेषा −७८ व्होल्टवर शून्याला मिळते. V_A = ७८ व्होल्ट. हे व्होल्टेज कुठेही लावायचं नसतं. BC547 चं V_CEO ४५ व्होल्ट आहे. ७८ व्होल्ट खरोखर लावून बघणारे महाभाग असतात, म्हणून सांगितलं. पडताळा असा: (७८ + २) ÷ १.०० आणि (७८ + १०) ÷ १.१०, दोन्हीकडून ८० किलोओहम. हा पडताळा जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

V_A लक्षात ठेवायचाच तर टक्केवारी म्हणून ठेवा. इथे प्रत्येक व्होल्टला करंट सव्वा टक्क्याने वाढतो. करंट दसपट केला तरी टक्केवारी तीच राहते, म्हणून r_o दहा पटींनी घटतो. १० मिलिअँपला तो ८ किलोओहम यायला हवा. आणि इथेच मेलमधला शेवटचा प्रश्न येतो.

दुसरी मोठी चूक: ट्रान्झिस्टरची ऊब अर्लीच्या खात्यात घालणे

विद्यार्थ्याने बेसचा १ मेगाओहम काढून १०० किलोओहम लावला, म्हणजे ५ व्होल्टच्या सप्लायवरून बेस करंट ४.३५ मायक्रोअँपचा साधारण ४३ झाला. कलेक्टरला २ व्होल्टवर १० मिलिअँप मिळाले. १० व्होल्टला ११ अपेक्षित होते, दिसले १२.१. उतार निघाला ३.८ किलोओहम आणि V_A सुमारे ३६ व्होल्ट.

हिशेब करा. २ व्होल्टला ट्रान्झिस्टरमध्ये २० मिलिवॉट जिरतात आणि १० व्होल्टला १२१. फरक १०० मिलिवॉटचा. TO-92 या छोट्या काळ्या आवरणाला प्रत्येक वॉटमागे सुमारे २०० अंश धरले, तर जंक्शन २० अंशांनी तापतं. बीटा दर अंशाला साधारण अर्धा टक्का वाढतो. म्हणजे बेस करंट स्थिर ठेवूनही कलेक्टर करंट आणखी १० टक्के चढला, आणि तो बेसच्या रुंदीमुळे मुळीच नाही. १ मिलिअँपला हीच वाढ जेमतेम दोन अंशांची असते आणि बीटा एखाद्या टक्क्याने हलतो. म्हणून तिथला ७८ बऱ्यापैकी विश्वासाचा.

दोन्ही परिणाम वेगळे ओळखायची खूण अगदी साधी आहे. V_CE १० व्होल्टवर नेऊन हात बाजूला घ्या आणि मीटरकडे बघत राहा. बेसची रुंदी बदलल्यामुळे होणारी वाढ तत्क्षणी होते. त्यानंतर अर्धा मिनिट आकडा हळूहळू वर सरकत राहिला तर ती उष्णता आहे. मग पुन्हा २ व्होल्टवर या. करंट आधीपेक्षा जास्त दिसून सावकाश खाली उतरत असेल तर शंकाच उरत नाही. पण हे दिसायला थांबावं लागतं, आणि घाई तिथेच नडते. पटापट बारा रीडिंग घेणाऱ्याच्या वहीत प्रत्येक आकडा वेगळ्या तापमानाचा असतो. व्होल्टेज स्थिर ठेवून, म्हणजे V_BE बांधून मोजायला जाल तर हाल आणखी वाईट होतील. तिथे दर अंशाला करंट काही टक्क्यांनी उडतो.

माझा आग्रह एवढाच: r_o मोजायचा तर १ मिलिअँप किंवा त्याखाली मोजा, आणि जास्त करंटचा r_o त्यावरून गणिताने काढा. १० मिलिअँपला मोजणं भागच असेल तर पल्स देऊन मोजा. कर्व्ह ट्रेसर पल्स वापरतात त्यामागे हेच कारण आहे.

थोडक्यात निपटणाऱ्या

मीटरची रेंज. २०० मिलिअँपच्या रेंजवर शेवटचा अंक ०.१ मिलिअँपचा असतो, म्हणजे तुमचा अख्खा अर्ली इफेक्ट एका अंकात मावतो. २ मिलिअँपची रेंज लावा. V_CE मात्र ट्रान्झिस्टरच्या पायांवरच मोजा, कारण अँमीटरवरही थोडं व्होल्टेज पडतं.

०.२ व्होल्टपासून पट्टी लावणे. तो भाग सॅच्युरेशनचा. १ व्होल्टच्या पुढचे बिंदूच घ्या.

एमिटरला १ किलोओहम ठेवून, बेसला पक्कं व्होल्टेज देऊन कलेक्टरकडून मोजला की २.७ मेगाओहम येतो, आणि लगेच मेल जातो की V_A २७०० व्होल्ट आला. तो ट्रान्झिस्टरचा r_o नव्हे, सगळ्या सर्किटचा आउटपुट रेझिस्टन्स आहे. एमिटरचा रेझिस्टर r_o ला इथे सुमारे ३४ पट करतो.

सिम्युलेटरमध्ये रेषा सपाट दिसली तर मॉडेलमध्ये `VAF` लिहिलेलाच नाही. तो नसला की SPICE त्याला अनंत धरतं. नेटवरून उचललेल्या मॉडेलवरही विसंबू नका. एकाच 2N3904 साठी एका प्रचलित मॉडेलमध्ये `VAF` 74.03 आहे आणि दुसऱ्यात 100. आणखी एक बारकावा: SPICE हा हिशेब V_CE वरून करत नाही, V_CB वरून करतं. म्हणून मोजलेल्या ७८ मध्ये ०.६५ मिळवायचे, आणि `BF` मध्ये V_CB शून्य असतानाचा बीटा द्यायचा. तो इथे २ व्होल्टवरचा २३० नसून २२६ आहे.

```
* BC547 r_o
I1 0 b 4.35u
V1 c 0 5
Q1 c b 0 N1
.model N1 NPN(IS=1e-14 BF=226 VAF=78.65)
.dc V1 0 10 0.05
```

LTspice मध्ये `1/d(Ic(Q1))` चा आलेख काढा. सॅच्युरेशन संपलं की तो ८० किलोओहमवर स्थिरावतो.

मग मेल कसा असावा

प्राध्यापकांना उत्तर देता येत नाही ते बहुतेकदा एका कारणाने: काय स्थिर ठेवलं होतं हे मेलमध्ये नसतं. बेस करंट, V_BE की नुसता सप्लाय? एमिटर थेट जमिनीला होता की मध्ये रेझिस्टर होता? सर्किटचा फोटो जोडा आणि मजकूर असा काहीसा ठेवा:

"आदरणीय सर, BC547, एमिटर थेट ग्राउंडला, बेसला ५ व्होल्टवरून १ मेगाओहम. २ व्होल्टला १.०० आणि १० व्होल्टला १.१० मिलिअँप, प्रत्येक रीडिंग एक मिनिट थांबून. r_o ८० किलोओहम, V_A ७८. १०० किलोओहम लावून १० मिलिअँपला V_A ३६ आला, पण १० व्होल्टवर करंट अर्धा मिनिट चढत होता, म्हणून उष्णतेचा संशय आहे. मधल्या ३ मिलिअँपला मोजून बघू, की थेट पल्सने मोजू?"