लॉयल्टी ॲपचा ईमेल पाठवण्याआधी त्या दुकानाचं एक बिल घ्या

तीन-चार शाखांच्या दुकानदाराला लॉयल्टी ॲपच्या पायलटचा ईमेल पाठवला की बहुतेकदा उत्तरच येत नाही. त्याच्या मनातला पहिला प्रश्न असतो, "यात माझे किती जाणार?" आणि आपण मात्र फीचर्स सांगत बसतो.

१. आधी एका शाखेत जाऊन काहीतरी विकत घ्या. काउंटरवर मोबाईल नंबर विचारतात का, बिल छापील की हाताने लिहिलेलं, हे बघा.

२. विषयात शाखेचं नाव घाला: "नौपाडा शाखा: ८ आठवड्यांचा पायलट, एकच काउंटर".

३. मजकुरात त्यांच्याच दुकानाचा हिशोब मांडा. समजा, फरसाणच्या दुकानात गिऱ्हाईक महिन्यातून चार वेळा येतं आणि दर वेळी ४०० रुपयांचं घेतं. शंभराला एक पॉइंट, एक पॉइंट म्हणजे एक रुपया. म्हणजे १६०० च्या विक्रीवर १६ रुपये गेले. एवढं वाचलं की मालक पुढचं वाचतो, कारण आकडा त्याच्या गल्ल्याचा असतो.

४. यश कशावर मोजणार तेही लिहा: नोंद झालेल्यांपैकी किती जण ३० दिवसांत परत आले. पायलट थांबला तर ग्राहकांची यादी एक्सेलमध्ये दुकानालाच परत मिळेल, हे वाक्य माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याच्या हातात जातील ही भीती खरी असते.

पायलट दिवाळीच्या तोंडावर सुरू करू नका. तेव्हा गर्दी तशीही वाढते, मग ॲपमुळे किती आले ते कळतच नाही.