काळं पडलेलं अंगठ्याचं नख: गळेल का?

घट्ट बुटांत लांब चालणं झालं की उतारावर अंगठा पुढे आपटत राहतो आणि नखाखाली रक्त साकळतं. माझं नख असंच जांभळं-काळं झालं. ठणका दोन-तीन दिवसांत ओसरला, रंग मात्र तसाच.

नख गळेल का, हे डागाच्या आकारावर बरंचसं ठरतं. छोटा डाग नखाबरोबर पुढे सरकत जातो. माझा अर्ध्याहून मोठा होता, त्यामुळे नख मुळाशी सुटू लागलं. ओढून काढायचा मोह होतोच, पण मी फक्त सुटलेली कड कापत गेलो आणि मोज्यात अडकू नये म्हणून वर चिकटपट्टी लावली. काही आठवड्यांनी जुनं नख आपसूक निघालं, खाली नवं पातळ नख दिसत होतं. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तेही सुरुवातीला खडबडीत.

मुळाशी स्वच्छ नख दिसू लागलं, की डाग रक्ताचाच असण्याची शक्यता जास्त. डाग जागचा हलत नसेल, उभी काळी रेघ असेल किंवा काळेपणा कडेच्या कातडीवर उतरला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पू किंवा वाढता ठणका असेल, तर लगेच. मधुमेह्यांनी तर वाटच बघू नये.

आता बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घेतो. पुढे बोटभर जागा हवीच.