स्टॉलवरचं तीस सेकंदांचं बोलणं संध्याकाळी का पडतं? या चुका टाळा

व्यापारी प्रदर्शनात एकाच स्टॉलवर एकाच माणसाचं बोलणं सकाळी अकराला ऐका आणि पुन्हा संध्याकाळी पाचला ऐका. शब्द तेच असतात, पण सकाळी तो काहीतरी सांगत होता आणि आता उरकतोय, हे चार पावलांवरूनही कळतं. यावर सहसा ‘उत्साह ठेवा, हसतमुख राहा’ असा सल्ला मिळतो. त्याने काही होत नाही, कारण ओढूनताणून आणलेल्या हसण्यातून थकवा जास्तच दिसतो. दोष बहुतेक वेळा माणसाचा नसतो, त्याला दिलेल्या मजकुराचा असतो. समोरच्याने काहीही म्हटलं तरी ज्यात एक शब्द बदलत नाही, असं बोलणं कुणीही दिवसभर जिवंत ठेवू शकत नाही.

एक साधं उदाहरण घेऊ. प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद करायचं हाताने चालवायचं सीलिंग मशीन विकायचं आहे. स्टॉलवर साधारण असं ऐकू येतं:

‘या सर, या! आमची कंपनी बरीच वर्षं पॅकेजिंगमध्ये आहे. हे आमचं हँड सीलर. दोन साइझमध्ये येतं, टायमर आहे, वजनाला हलकं आहे, वीज कमी लागते, वॉरंटी आहे, सुटे भाग मिळतात. हे ब्रोशर घ्या, तुमचं कार्ड देऊन जा.’

यात चुकीची माहिती एकही नाही. पण समोरच्याला शेवटपर्यंत काही करायला नाही आणि बोलणाऱ्याला काही ऐकायला नाही. वीज आधी सांगितली काय आणि वॉरंटी आधी सांगितली काय, काही फरक पडत नाही. ज्या यादीचा क्रम असा कसाही चालतो, ती जीभ आपोआप म्हणून टाकते. डोकं तेव्हा जेवणाच्या सुट्टीचा विचार करत असतं आणि डोळे समोरच्याच्या खांद्यावरून पुढच्या गिऱ्हाइकाकडे जातात.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक: सगळंच पाठ करणं

पाठ करायला हवं, पण सगळं नाही. सुरुवातीचा प्रश्न आणि शेवटची कृती पक्की ठेवा. मधलं दुसरं वाक्य मात्र समोरच्याच्या उत्तरावर सोडा. आपल्या सीलरसाठी पहिला प्रश्न असा:

‘पिशव्या सध्या कशाने बंद करता?’

याची उत्तरं मोजकीच येतात. कुणी म्हणतं स्टेपलर. मग पुढचं वाक्य: ‘म्हणजे पिनेच्या भोकातून हवा जाते. आतला माल ओलावा धरणारा आहे का?’ कुणी म्हणतं मेणबत्ती. त्याला विचारा, ‘कडा जळते की नंतर सुटते?’ कुणाकडे मशीन आधीच असतं. त्याला, ‘जोड सुटतो तेव्हा मधे सुटतो की कोपऱ्यात?’ आणि जो म्हणतो, ‘आम्ही पिशव्या भरतच नाही’, त्याला सरळ सांगा, ‘बरं, मग तुमचा वेळ घेत नाही.’ तोही खूश आणि तुमचा घसाही वाचला.

यानंतरचा भाग पुन्हा ठरलेला. रिकामी पिशवी मशीनमध्ये सरकवा आणि म्हणा, ‘हात दाबला की तेवढ्यापुरतीच तार तापते.’ दाबा. दिवा विझला की लगेच हात उचलू नका, दोनेक सेकंद तसाच धरा, कारण वितळलेलं प्लॅस्टिक थंड होताना धरतं. मग पिशवी त्यांच्या हातात द्या: ‘ओढून बघा.’ आणि गप्प बसा.

हे गप्प बसणंच पहिल्यांदा सुटतं. थकलेला माणूस पिशवी देता देताच पुढचं वाक्य सुरू करतो. पिशवी ओढताना समोरचा मशीनचा विचार करत असतो, त्यात आपण बोलायचं नाही. त्याने ओढली, जोड सुटला नाही, त्याने वर पाहिलं, की शेवटचा प्रश्न: ‘तुमची पिशवी यापेक्षा जाड आहे की पातळ?’ इथून पुढे खरी बोलणी सुरू होतात, त्याला तीस सेकंदांचं बंधन नाही.

सगळं मिळून तुमच्या तोंडी साठ-सत्तर शब्दांच्या आत यायला हवं. जास्त होत असेल तर वॉरंटी आणि सुटे भाग काढून टाका. ज्याला घ्यायचं आहे तो ते स्वतः विचारतोच.

कंटाळा आला म्हणून भलतंच बदलणं

दुपारनंतर आपल्याच शब्दांचा वीट येतो. मग माणूस स्वतःच्या करमणुकीसाठी विनोद घालतो, एखादा किस्सा जोडतो, ‘आणखी एक गंमत सांगतो’ म्हणतो. बोलणं तीस सेकंदांवरून मिनिटभरावर जातं आणि मागे थांबलेले दोघं निघून जातात. शिवाय तुमचा विनोद शेजारच्या स्टॉलवाल्यांनी सकाळपासून इतक्यांदा ऐकलेला असतो की त्यांचे चेहरेच गिऱ्हाइकाला सगळं सांगून टाकतात. बदल हवाच असेल तर प्रश्नात करा. ‘कशाने बंद करता?’च्या जागी तासभर ‘परत आलेल्या मालात फुटलेल्या पिशव्या किती असतात?’ विचारून पाहा. उत्तरं वेगळी येतील, म्हणजे तुमचं दुसरं वाक्यही वेगळं होईल. कृती आणि ‘ओढून बघा’ला हात लावू नका.

घाई ओळखता न येणं

आपण भराभर बोलतोय हे बोलणाऱ्याला कळत नाही, त्याला ते सफाईदार वाटतं. त्यामुळे अंदाजावर जाऊ नका. सकाळी एकदा आणि चारनंतर एकदा, सहकाऱ्यासमोर तेच बोलणं बोला आणि फोनवर रेकॉर्ड करा. दोन्ही लागोपाठ ऐका आणि पहिल्या प्रश्नापासून ‘ओढून बघा’पर्यंतचा वेळ मोजा. तीसचे वीस सेकंद झाले असतील तर शब्द गळाले नसून थांबे गळाले आहेत. पन्नास झाले असतील तर वर सांगितलेली भर पडली आहे. दोन्ही थकव्याचीच लक्षणं, उपाय मात्र उलटे.

रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक गोष्ट कान देऊन ऐका: वाक्याचा शेवट. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि दमलेला आवाज नेमका शेवटीच खाली बसतो. ‘आधी तापवत ठेवावं लागत नाही’ यातलं ‘नाही’ हॉलच्या गोंगाटात बुडालं, की गिऱ्हाईक ‘तापवत ठेवावं लागतं’ असं समजून पुढे जातं. असं नकारावर संपणारं कामाचं वाक्य बोलण्यातून काढूनच टाका. वर ‘दाबला की तेवढ्यापुरतीच तार तापते’ असं म्हटलंय ते त्यासाठीच. या वाक्याचा शेवट थोडा पुसला गेला तरी अर्थ उलटा होत नाही.

गोंगाटाशी भांडणं

भोवती आवाज वाढला की माणूस नकळत मोठ्याने बोलतो. फ्रेंच कान-नाक-घसातज्ज्ञ एतिएन लोंबार यांनी 1911 मध्ये याचं वर्णन केलं आणि ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. हॉलमध्ये सगळे स्टॉल एकमेकांमुळे आवाज चढवत जातात, त्यात तुम्ही जिंकणार नाही. टेबलामागून ओरडण्यापेक्षा टेबलाच्या बाजूला येऊन उभे राहा, एक पाऊल जवळ जा, तोंड मशीनकडे न ठेवता माणसाकडे ठेवा. यात एक सापळा आहे. प्रात्यक्षिक दाखवताना मान खाली जाते आणि आवाज टेबलावर पडतो. म्हणून आधी वाक्य, मग कृती. दोन्ही एकदम करू नका.

घसा बसायला लागला की काही जण कुजबुजत बोलतात. बऱ्याच जणांच्या गळ्यावर त्याने ताण उलट वाढतो. सारखं खाकरणंही टाळा, त्यापेक्षा घोटभर पाणी प्या. दोघं जण असाल तर पाऊण तासाने पाळी बदला. ज्याची पाळी नाही त्याने मात्र खरंच गप्प राहायचं. पिशव्या कापून ठेवणं, कार्डांवर लिहिणं ही कामं त्याची. विश्रांतीच्या नावाखाली शेजारच्याशी गप्पा मारल्या तर घशाला सुट्टी मिळालीच नाही.

मशीनही दमतं

याकडे कुणी बघत नाही. गर्दीच्या वेळी लागोपाठ पिशव्या बंद केल्या की तारेखालचा भाग तापून राहतो. सकाळी बरोबर असलेला टायमर मग जास्त होतो, जोड चुरगळतो किंवा प्लॅस्टिक तारेच्या रेषेत जळून पिशवी तिथेच तुटते. ‘ओढून बघा’ म्हटलं आणि पिशवी फाटली, की बोलणारा गडबडतो, सारवासारव करतो आणि पुढच्या गिऱ्हाइकासमोर आधीच बिचकतो. तेव्हा जोडाला सुरकुत्या दिसायला लागल्या की टायमर थोडा खाली आणा किंवा दोन मिनिटं मशीन बंद ठेवा. दुसरं मशीन हाताशी असेल तर उत्तम. तुम्ही काहीही विकत असा, गर्दीत नमुना सकाळसारखाच वागतो का, हे आदल्या दिवशी लागोपाठ वीस-पंचवीस वेळा करून पाहा.

मधेच आलेल्यासाठी पुन्हा सुरुवात करणं

बोलणं अर्धं झालं आणि तिसरा माणूस येऊन उभा राहिला, तर पहिल्याला ताटकळत ठेवून ‘या सर’ पासून सुरुवात करू नका. बंद केलेली पिशवी त्याच्याही हातात द्या आणि पहिल्याशी बोलणं चालू ठेवा. पहिला निघाला की याला सरळ विचारा, ‘तुमचं काम कशाने चालतं सध्या?’

कार्ड नुसतंच डब्यात टाकणं

प्रत्येक कार्डाच्या मागे त्या माणसाचं उत्तर त्याच्यासमोरच लिहा: ‘स्टेपलर, जाड पिशवी’, ‘मशीन आहे, कोपरा सुटतो’. नंतर फोन करताना याचा उपयोग होतोच, पण त्याच दिवशीही होतो. पाच वाजता शेवटची दहा कार्डं उलटून पाहा. मागची बाजू कोरी असेल किंवा सगळ्यांवर ‘रस आहे’, ‘बघतो म्हणाले’ असलं काहीतरी असेल, तर तुमचा प्रश्न विचारून होतोय पण उत्तर ऐकलं जात नाहीये. अशा वेळी पाळी लगेच बदला, आणि एकटेच असाल तर दहा मिनिटं हॉलबाहेर जाऊन या.