उतारावरच्या रानात झाडांच्या ओळी आणि पिकांचे पट्टे कसे आखावेत

खानापूर, चंदगड आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातली तांबडी, मुरमाड रानं जवळजवळ सगळी उतारावर आहेत. भुईमूग, नाचणी, रताळी, सोयाबीन घेणारे बरेच जण आता पिकाच्या पट्ट्यांमध्ये ग्लिरिसिडियाची झाडं ओळीने लावू लागले आहेत. रोपं कुठून आणायची आणि खड्डे केवढे काढायचे हे सगळ्यांना ठाऊक असतं. रान वाहून जातं ते ओळी चुकीच्या आखल्या म्हणून, तेव्हा हा लेख त्याच कामाचा आहे.

दोन सल्ले आधीच बाजूला ठेवा. पहिला, ओळी पूर्व-पश्चिम लावा म्हणजे पिकाला ऊन मिळेल. सपाट रानात हे ठीक आहे. उतारावर मात्र दिशा पाणी ठरवतं, सूर्य नाही. सावलीचा बंदोबस्त कोयत्याने होतो, वाहून गेलेली माती कोयत्याने परत येत नाही. दुसरा सल्ला, ओळी उताराच्या दिशेने वर-खाली लावा म्हणजे ट्रॅक्टर सरळ चालेल. तसं केलं की प्रत्येक तास म्हणजे एक चर होतो, आणि आर्द्रा-पुनर्वसूच्या पावसात त्यातून लाल पाणी सरळ ओढ्याला जातं. ओळी उताराला आडव्याच हव्यात.

उतार मोजायला गवंड्याची पाण्याची नळी घ्या. पंधरा मीटरची पारदर्शक नळी, दोन मीटरच्या दोन काठ्या, काठ्यांवर बुडापासून सेंटीमीटरच्या खुणा. वरच्या आणि खालच्या काठीत १० मीटरचं अंतर ठेवा. दोन्ही काठ्यांवरच्या पाण्याच्या उंचीत ६० सेंटीमीटरचा फरक आला तर उतार सहा टक्के. तीन लाकडांच्या तिकाटण्याला ओळंबा लावूनही आखणी होते, पण त्याचे दोन पाय जेमतेम दोन मीटर लांब पडतात. ढेकळावर एक पाय टेकला की चूक, आणि ती पुढच्या प्रत्येक खुंटीत साठत जाते. मी नळीच वापरतो.

अंतर किती ठेवायचं

दोन ओळींमध्ये जमीन साधारण एक मीटर खाली उतरावी, हा माझा हिशेब. सहा टक्के उतारावर एक मीटर उतरायला साडेसोळा मीटर चालावं लागतं, दहा टक्क्यांवर दहा मीटर. त्यानंतर आपली कुरी मोजा. चार फणांची, फणात एक-एक फूट अंतर असलेली कुरी एका फेरीत सुमारे १.२ मीटर पेरते. बारा फेऱ्यांचे १४.४ मीटर आणि झाडओळीला एक मीटर, मिळून १५.४ मीटर. चौदा फेऱ्या धरल्या तर अंतर १७.८ होतं, म्हणून बाराच घ्या. फेऱ्या सम ठेवा, म्हणजे बैल जिथून निघाले तिथेच परत येतात. अंतर पुरेसं बसत नसेल तर नेहमी कमी करा. ओळी लांब पडल्या की मधल्या पट्ट्यात पाण्याला वेग धरायला जागा मिळते.

उदाहरणाला खानापूरकडचं एक एकर रान घेऊ. रुंदी ६६ मीटर, उताराच्या दिशेने लांबी ६० मीटर, उतार सहा टक्के, आणि डाव्या बाजूने तिसऱ्या हिश्शावर वरून खाली येणारा एक उथळ खळगा. इथे वरून साधारण १५, ३० आणि ४६ मीटरवर अशा तीनच ओळी बसतात. तिन्ही मिळून तीन मीटर जागा जाते, म्हणजे रानाचा विसावा हिस्सा.

खुंट्या मारणं आणि रेषा सारखी करणं

खरं काम इथून सुरू होतं. मलाही ते जमायला वेळ लागला, कारण हे कुणी धड सांगत नाही.

सुरुवात वरच्या बांधापासून करू नका. तो बांध वाटणीचा असतो, पाण्याचा नसतो. मधल्या ओळीपासून सुरू करा. रानाचा उतार जिथे सर्वसाधारण आहे, फार चढा नाही की फार सपाट नाही, तिथे तीस मीटरवर पहिली खुंटी मारा आणि नळी घेऊन दोन्ही बाजूंना सरका. ही ओळ मुख्य. बाकीच्या दोन तिच्यावरूनच निघतात.

आता ओळ अगदी समपातळीत ठेवायची की किंचित उतरती, हे ठरवा. पूर्वेकडच्या कमी पावसाच्या तालुक्यांत, हलक्या आणि पाणी पिणाऱ्या तांबड्या रानात समपातळी चालते. खानापूर-चंदगडच्या पावसात ती चालत नाही. पाणी ओळीपाशी तुंबतं आणि जिथे कच्चं सापडेल तिथे फोडून जातं. बैलहोंगल-अथणीकडच्या भारी काळ्या रानात पाऊस कमी असला तरी समपातळी नको. ती माती पाणी सावकाश पिते, आणि तुंबलेल्या पाण्यात ओळीच्या वरच्या बाजूचं पीक पिवळं पडतं. या दोन्ही ठिकाणी ओळीला दर १० मीटरला तीन सेंटीमीटर उतार द्या, पाणी नेऊन सोडायचं आहे त्या बाजूला.

हे तीन सेंटीमीटर मोजतानाच बहुतेकांचं बिनसतं. पुढच्या काठीवरचं पाणी तीन सेंटीमीटर वर दिसलं की झालं, असं समजून खुंटी मारतात. पुढची काठी खाली गेली की तिच्यावरचा आकडा वाढतो आणि मागच्या काठीवरचा कमी होतो. दोघांत फरक निम्मा-निम्मा वाटला जातो. एकाच काठीवर नजर ठेवली तर तुम्ही दुप्पट, म्हणजे सहा सेंटीमीटरचा उतार देऊन बसता. दोन्ही आकडे वाचा आणि वजाबाकी करा. मागे १०० आणि पुढे १०३ आले की तिथे खुंटी. नळीत एक जरी बुडबुडा राहिला तरी आकडे खोटे येतात, म्हणून सकाळी एकदा आणि जेवणानंतर पुन्हा एकदा दोन्ही काठ्या एकाच सपाट दगडावर उभ्या करून पाणी सारखं येतं का, ते पाहा.

सगळ्या खुंट्या मारून झाल्या की रेषा वाकडी-तिकडी दिसते. कुरी अशा रेषेवर चालत नाही, म्हणून ती थोडी सारखी करावीच लागते. पण किती आणि कुठे, याला नियम आहे. सहा टक्के उतारावर खुंटी अर्धा मीटर वर किंवा खाली सरकवली तर पातळी तीन सेंटीमीटरने बदलते. त्यामुळे अर्धा मीटरपर्यंत सरकवायला हरकत नाही, आणि काही खुंट्या वर गेल्या तर तितक्याच खाली याव्यात.

उंचवट्यावर रेषा खालच्या अंगाला फुगते. तिथे ती थोडी सरळ केली तर पाणी उंचवट्यावरून दोन्ही बाजूंना जातं. बेताने केलं तर नुकसान नाही. खळग्यात रेषा वरच्या अंगाला वळते, आणि तिथे सरळ करायला सक्त मनाई. आपल्या रानातला हिशेब पाहा. मधली ओळ खळग्यात चार मीटर वर वळते. दोरी ताणून ती सरळ केली तर खळग्यातला भाग असायला हवा त्यापेक्षा २४ सेंटीमीटर खाली येतो. दोन्ही बाजूंच्या ओळीचं पाणी तिथेच जमतं आणि वीतभर साचलं की एका रात्रीत ओळ फोडतं. पुढच्या वर्षी त्याच जागी घळ दिसते. ट्रॅक्टरवाला किंवा शेजारी कितीही सांगो, खळग्यात दोरी ताणू देऊ नका.

खळगा हीच पाण्याची वाट समजा. दोन्ही बाजूंच्या ओळी खळग्याकडे किंचित उतरत्या आणा आणि काठाशी थांबवा. मधे दोन मीटर रुंद जागा हरळीला सोडा, वरपासून खालच्या ओढ्यापर्यंत. नांगर आणि कुरी तिथे उचलून पलीकडे न्यायची. पाणी शेजाऱ्याच्या रानात सोडून आपली माती वाचवणं मला मान्य नाही, आणि त्यातून होणारी भांडणं या भागात सगळ्यांनी पाहिली आहेत.

मुख्य ओळ झाली की वरची आणि खालची ओळ तिच्याशी समांतर, १५.४ मीटरवर धरा आणि प्रत्येकीवर पुन्हा नळी फिरवा. उतार सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे कुठेतरी समांतर रेषा आणि नळीची रेषा जुळत नाहीत. अर्ध्या मीटरपेक्षा जास्त तफावत आली तर नळीचं ऐका. मग पट्टा एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद होतो. अशा वेळी दोन्ही झाडओळींच्या बाजूने पूर्ण तास घ्या आणि आखूड तास पट्ट्याच्या मधोमध पडू द्या. आखूड तास ओळीला लागून ठेवले तर त्यांची तोंडं झाडओळीत उघडतात आणि पाणी नेमकं तिथे घुसतं.

लावणी

ग्लिरिसिडियाची अंगठ्याएवढी जाड फाटी पहिल्या चांगल्या पावसात लावा. दोन रांगा, मधे अर्धा मीटर, रांगेत फाट्या अर्ध्या-अर्ध्या मीटरवर, एकीच्या मोकळ्या जागेसमोर दुसरीतली फाटी. एका ओळीला सुमारे २६५ फाट्या लागतात, तीन ओळींना आठशे. पण अर्ध्या मीटरवरची खोडं पाणी अडवत नाहीत, हे लक्षात घ्या. अडवतो तो त्यांच्या पायाशी असलेला अडसर. म्हणून ओळीच्या वरच्या बाजूला वाळ्याचे ठोंब १५ सेंटीमीटरवर लावा. दक्षिण कर्नाटकातल्या गुंडलुपेटकडचे शेतकरी वाळा पूर्वापार बांधावर लावत आले आहेत. छाटलेला पालाही वरच्याच बाजूला, वाळ्याला टेकवून पसरा.

पेरणीआधी झाडं गुडघ्याच्या थोडं वर छाटा, पावसाळ्यात आणखी दोनदा.

पट्ट्यात मका आणि भुईमूग दोन्ही घ्यायचे असतील तर मका वरच्या अर्ध्यात आणि भुईमूग खालच्या, म्हणजे झाडओळीच्या अगदी वर. मक्याच्या उघड्या तासांतून सुटलेली माती भुईमुगाच्या वेलात थांबते. रताळ्याच्या सऱ्या झाडओळीला समांतरच काढा. सरी उताराला तिरकी झाली तर पाणी थेट तिच्या टोकाला धावतं, आणि वरंबा फुटून वेल उघडे पडतात.

पहिला जोराचा पाऊस चालू असतानाच रानात जा. ओळीच्या वर गढूळ पाणी सारखं पसरून हळूहळू खळग्याकडे सरकत असेल तर आखणी बरोबर आहे. एखाद्या जागी पाणी थांबून गोल फिरत असेल, तर ओळ तिथे खाली गेली आहे. ओळीच्या खालच्या बाजूला गाळाचा पंखा पसरलेला दिसला किंवा वाळ्याचे ठोंब एकाच दिशेने आडवे झाले असतील, तर पाणी तिथून आरपार गेलं आहे. तिथे खुंटी मारून ठेवा आणि उघडीप मिळताच नळी लावून पातळी तपासा. पातळी नीट असेल तर जास्तीचे ठोंब दाट लावा. नसेल तर तेवढ्या तुकड्यातल्या फाट्या त्याच पावसाळ्यात उपटून योग्य रेषेवर हलवा. पहिल्या वर्षी मुळं फार पसरलेली नसतात, त्यामुळे त्या सहज निघतात आणि पुन्हा धरतात.