पेमेंटच्या नव्या अटी दुकानदारांना मेलने कळवताना

नळ-पाइप आणि फिटिंगच्या एका वितरकाचे हिशोब मी पाहतो. उधारीची मुदत 45 दिवसांवरून 30 दिवसांवर आणताना मी दुकानदारांना जो मेल पाठवला, त्यात ‘पुढील महिन्यापासून नवीन अटी’ एवढंच लिहिलं होतं. काहींनी ते फक्त नव्या बिलांना लागू धरलं, तर आमच्या माणसाने जुन्या बिलांवरही उशिराचं शुल्क लावलं. पुढचे दोन महिने खाती जुळवण्यात गेले. म्हणून आता लिहायला बसण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करतो: कोणत्या बिलापासून, कोणत्या दिवसापासून मोजायचं, आणि किती रकमेवर.

आधी लवकर पैसे देणाऱ्याला किती सूट द्यायची ते ठरवा. बाजारात सर्रास 2 टक्के सीडी, म्हणजे कॅश डिस्काउंट, दिली जाते, पण 30 दिवसांऐवजी 10 दिवसांत पैसे आले म्हणून 2 टक्के सोडले तर ते 20 दिवसांचं व्याज झालं. वर्षाच्या हिशोबात सुमारे 37 टक्के. इतक्या महागात पैसा लवकर आणण्यापेक्षा बँकेची कॅश क्रेडिट परवडते. 7 दिवसांत पैसे आल्यास 1 टक्का दिला, तर हाच दर 16 टक्क्यांच्या आसपास येतो. मी तोच सुचवतो. उशिराचं शुल्क मात्र बँकेच्या व्याजापेक्षा जास्तच हवं, नाहीतर दुकानदार बँकेऐवजी तुमचेच पैसे वापरत राहील. वर्षाला 18 टक्के, म्हणजे महिन्याला दीड टक्का, हा दर आमच्याकडच्या दुकानदारांना ओळखीचा आहे.

मग रक्कम. सूट जीएसटीपूर्वीच्या रकमेवर द्या आणि जीएसटी पूर्ण घ्या, म्हणजे क्रेडिट नोट काढताना कराच्या आकड्याला हात लावावा लागत नाही. उशिराच्या शुल्कावरही मालाच्याच दराने जीएसटी लागतो. हे मेलमध्ये आलं नाही, तर पहिल्याच वसुलीला ‘हे जास्तीचे कुठून आले?’ असा फोन येतो.

दिवस बिलाच्या तारखेपासून मोजा, कारण ती दोघांच्याही वहीत सारखीच असते. माल पोहोचल्याची तारीख वादात सापडते. चेक दिल्याचा दिवस धरायचा की वटल्याचा, हेही लिहा. सातव्या दिवशी चेक हातात ठेवून सूट मागणारे बरेच असतात.

आता मेल. विषयाच्या ओळीतच तारीख घाला. ‘महत्त्वाची सूचना’ असा विषय असला की मेल उघडलाच जात नाही.

विषय: 1 ऑगस्टपासूनच्या बिलांसाठी पेमेंटच्या नवीन अटी

नमस्कार,

1 ऑगस्ट किंवा त्यानंतरच्या तारखेच्या सर्व बिलांची मुदत बिलाच्या तारखेपासून 30 दिवस राहील. 31 जुलैपर्यंतच्या बिलांना पूर्वीचीच 45 दिवसांची मुदत आहे.

7 दिवसांत रक्कम आमच्या खात्यात जमा झाल्यास जीएसटीपूर्वीच्या रकमेवर 1 टक्का सूट मिळेल. 30 दिवसांनंतर थकीत रकमेवर वार्षिक 18 टक्के दराने, जितके दिवस उशीर तितक्याच दिवसांचं शुल्क आणि त्यावर जीएसटी लागेल. चेक असल्यास तो वटल्याचा दिवस धरला जाईल.

उदाहरण: 4 ऑगस्टचं बिल, माल ₹50,000 आणि जीएसटी ₹9,000, एकूण ₹59,000. 11 ऑगस्टपर्यंत भरल्यास ₹58,500. 3 सप्टेंबरपर्यंत ₹59,000. 18 सप्टेंबरला भरल्यास 15 दिवसांचं शुल्क ₹436 आणि जीएसटी ₹79 धरून ₹59,515.

माल फुटका किंवा कमी आल्यास 3 दिवसांत कळवा. त्या रकमेचा निकाल लागेपर्यंत तिच्यावर शुल्क लागणार नाही.

अटी मान्य असल्यास या मेलला ‘मान्य’ असं उत्तर द्यावं. अडचण असल्यास 20 जुलैपूर्वी फोन करावा.

आपला,
(नाव, फर्म, फोन)

उदाहरण गाळू नका. बहुतेक दुकानदार टक्के सोडून थेट तेच वाचतात. फुटक्या मालाची ओळही ठेवा. ती नसली तर 600 रुपयांच्या एका तुटक्या कॉकसाठी अख्खं बिल अडकून पडतं.

मेल जुलैच्या पहिल्या आठवड्यात, प्रत्येकाला स्वतंत्र पाठवा. सगळे पत्ते एकाच ओळीत टाकले, तर तुमची गिऱ्हाइकांची यादी बाजारात फिरते. जुन्या थकबाकीची आठवण या मेलमध्ये करू नका, कारण मग नवीन अटी म्हणजे आपल्यावरचा राग, असा अर्थ निघतो. ज्यांच्याशी लेखी करार आहे त्यांना हा मेल न पाठवता प्रत्यक्ष भेटा. त्यांची मुदत एकतर्फी बदलता येत नाही.

‘मान्य’ आलेले मेल जपून ठेवा आणि 1 ऑगस्टच्या पहिल्या बिलापासून याच अटी बिलावर छापा. ज्यांचं उत्तर 20 तारखेपर्यंत आलं नाही, त्यांच्या दुकानात सेल्समनला छापील प्रत घेऊन पाठवा आणि पोच म्हणून सही-शिक्का घ्या. माझ्या अनुभवात मोठ्या थकबाकीची दुकानं बहुधा याच यादीत असतात, म्हणून तिथे मी स्वतः जातो.