स्वमग्न मूल वर्गात किंचाळतं तेव्हा: या चुका टाळा

तिसरीचा वर्ग, एक्केचाळीस मुलं, आणि शेजारच्या व्हरांड्यात घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. त्यातला एक मुलगा स्वमग्न. मधल्या सुट्टीनंतर अधूनमधून तो कान दाबून किंचाळायचा, दप्तर भिरकावायचा, बाकाखाली शिरायचा. मी ठरवून टाकलं की कारण घंटाच. घरच्यांनी कानावर लावायचे मफ आणले. फरक पडला, पण थोडाच. तेव्हा मला एक साधी गोष्ट सुचली नव्हती: घंटा दिवसातून आठ वेळा वाजते, हा किंचाळतो एकदा.

चूक पहिली: किंचाळणं पाहणं, त्याआधीचा अर्धा तास न पाहणं

जिल्ह्यातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षिका महिन्यातून एकदा यायच्या. त्यांनी मला वहीचं एक पान तीन रकान्यांत आखायला लावलं: आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर आम्ही काय केलं. शाळा सुटल्यावर पाच मिनिटांचं काम. 'चिडला', 'हट्ट केला' असे शब्द लिहायचे नाहीत, फक्त दिसलं तेवढंच.

बारा दिवसांत नऊ नोंदी झाल्या. त्यातल्या सहा वेळा तासात न सांगता बदल झाला होता. चित्रकलेच्या तासाला मी राहिलेलं गणित घेतलं होतं, किंवा माझ्या जागी दुसऱ्या बाई आल्या होत्या. दोनदा फळ्यावरचं लांबलचक उतरवून घ्यायचं होतं. एकदा काहीच कारण दिसेना. घंटा या सगळ्यात होतीच, पण आधीच ताणलेल्या मुलावर पडलेला शेवटचा घाव म्हणून.

तिसऱ्या रकान्याने मला जास्त खजील केलं. प्रत्येक वेळी आम्ही त्याला मुख्याध्यापकांच्या खोलीत नेत होतो. तिथे लंबकाचं मोठं घड्याळ आहे, आणि घड्याळं हा त्याचा जीव की प्राण. उतरवून घेण्याचा कंटाळा आला की किंचाळल्यावर काम टळतं आणि घड्याळ मिळतं, हे त्याला आम्हीच शिकवत होतो. त्याने ते ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण त्याला दुसरी वाट आम्ही दिलीच नव्हती.

कारण न सापडलेली ती एक नोंद मात्र विसरू नका. त्याची दाढ किडली होती, आणि दुखतंय हे त्याला सांगता येत नव्हतं. वागणं अचानक बदललं आणि नोंदींत काही सूत्र सापडत नसेल, तर आधी दात, कान, पोट डॉक्टरांना दाखवायला सांगा.

चूक दुसरी: तक्ता भिंतीवर लावून मोकळं होणं

चित्रांचं वेळापत्रक करा, हा सल्ला सगळ्यांना माहीत असतो. मीही सुंदर तक्ता करून भिंतीवर लावला होता, आणि तो जूनपासून तसाच होता. खोटं बोलणारा तक्ता नसलेल्या तक्त्यापेक्षा वाईट, कारण हे मूल त्यावर विश्वास ठेवतं.

मग त्याच्या बाकावर पुठ्ठ्याची अरुंद पट्टी केली. त्यावर वेल्क्रोने चिकटवलेली सहा चित्रं, एकेका तासाचं एकेक. तास संपला की चित्र तो स्वतः काढून डबीत टाकणार. त्यासोबत एक नारिंगी कार्ड, 'बदल' लिहिलेलं. तास बदलणार असेल तर सकाळीच जुन्या चित्रावर हे कार्ड आणि शेजारी नवं चित्र.

इथे मी पुन्हा चुकणार होते. नारिंगी कार्ड पहिल्यांदा नावडत्या बदलासाठी काढलं तर ते कार्डच भीतीचं होऊन बसतं. म्हणून पहिला आठवडाभर फक्त आवडते बदल: भाषेऐवजी मैदान, गणिताऐवजी घड्याळ वाचणं. दुसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा 'चित्रकलेऐवजी गणित' लावलं. तो गुणगुणला, कॉलर ओढली, पण बाकावरच बसून राहिला.

हे गुणगुणणं आणि कॉलर ओढणं लक्षात ठेवा. बऱ्याच मुलांची अशी एखादी आगाऊ खूण असते, आणि ती दिसल्यावर हातात थोडा तरी वेळ असतो.

चूक तिसरी: विश्रांतीचा कोपरा शिक्षा म्हणून वापरणं

कपाटामागे एक चटई, पाच मिनिटांचं वाळूचं घड्याळ, आणि बाकावर 'थांबायचंय' असं कार्ड. कार्ड दाखवलं की न विचारता जाऊ द्यायचं. पहिल्या आठवड्यात तो दिवसाला दहादा उठला. माझ्या सहकारी म्हणाल्या, 'डोक्यावर बसेल.' बसला नाही, कारण परतल्यावर तेच काम समोर असायचं, फक्त अर्धं: दहा ओळींऐवजी पाच. काम पूर्णच काढून घेतलं असतं तर कोपरा ही पळवाट झाली असती. आणि 'जा त्या कोपऱ्यात' असं रागाने एकदा जरी म्हटलं, तरी तो कोपरा गेला म्हणून समजा.

कार्ड वापरायला शांत असताना शिकवायचं. मेल्टडाऊन, म्हणजे ताण असह्य होऊन ताबा सुटणं, सुरू झाल्यावर शिकवणं, समजावणं, 'माझ्याकडे बघ' म्हणणं, सगळं बंद. बोलणं हाही आवाजच. मी पंखा सुरू ठेवून दिवे बंद करते, जवळच्या टोकदार वस्तू हलवते, हात लावत नाही, आणि त्याला ओढत नेण्याऐवजी बाकीच्या मुलांना वाचनालयात धाडते. सावरायला कधी वीस मिनिटं, कधी तास लागतो. त्या दिवशी पुन्हा लेखन नाही.

चूक चौथी: एकाच शहाण्या मुलीला त्याची ताई करणं

हे मी केलं, आणि याचंच वाईट वाटतं. वर्गातली समंजस मुलगी त्याच्या शेजारी बसवली. पट्टी सांभाळ, डबा उघडून दे, मैदानावर हात धर. दिवाळीनंतर तिचं पोट रोज सकाळी दुखायला लागलं. तिची आई भेटायला आली तेव्हा म्हणाली, 'बाई, ती घरी म्हणते, मला सुट्टीत खेळायला मिळत नाही.' आठ वर्षांच्या मुलीला मी विनापगारी मदतनीस केलं होतं.

आता तीन मुलं आलटून पालटून, आणि तीही आवड जुळणारी. मदत करायला नव्हे, सोबत काहीतरी करायला. खो-खोच्या डावाची वेळ तोच मोजतो. त्याच्या शिट्टीवर कुणी वाद घालत नाही. 'त्याला कार्ड, मग मला का नाही?' असं एकाने विचारलं, तेव्हा सगळ्यांना कार्ड दिली. चार दिवसांत बहुतेकांची दप्तराच्या तळाला गेली, दोघी मात्र अजून वापरतात.

वर्गाशी बोलताना निदानाचं नाव पालकांच्या परवानगीशिवाय घेऊ नका. 'अचानक बदल झाला की त्याला त्रास होतो, मोठा आवाज टोचतो' एवढं मुलांना पुरतं. खरं तर त्यांना ते आपल्याआधी कळलेलं असतं. 'बाई, आज चित्रकला नाही ना, त्याला सांगितलं का?' हे मला एका मुलानेच विचारलं होतं.

'अशा मुलांची शाळा वेगळी' हे वाक्य काही पालकांकडून ऐकावं लागतं. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात स्वमग्नता आहे, आणि प्रवेश नाकारता येत नाही, गरजेप्रमाणे सोयी द्याव्या लागतात, हे कलम 16 सांगतं. मी तेवढं सांगते आणि वाद वाढवत नाही.

सगळं सुटलेलं नाही. पंधरा ऑगस्टच्या तालमीत ढोल वाजला की पट्टी, कार्ड काही चालत नाही. त्या वेळी तो दोन मित्रांसोबत वाचनालयात असतो.

आणि जूनमधली चूक

वर्ग बदलतो, बाई बदलतात, आणि सगळं शून्यावर येतं. मी चौथीच्या सरांना एकच पान दिलं: आगाऊ खुणा कोणत्या, कशाने बिघडतं, त्या वेळी काय करायचं नाही. एप्रिलमध्ये मुलं घरी गेल्यावर त्याला तीनदा रिकाम्या चौथीच्या वर्गात नेलं, बाक निवडू दिला. त्याने खिडकीजवळचा घेतला. तिथून मुख्याध्यापकांच्या खोलीतलं घड्याळ दिसतं.